ते पातेलं रोज रात्री मांजायचं कोण?

सायंतारा:
एक छोटी गोष्ट लिहिली आहे. स्टँडसमोर आण्णांची चहाची टपरी, चाळीस वर्षांची. पितळेचं मोठं पातेलं, काचेचे ग्लास, आलं ठेचायचा खलबत्ता. मुलगा शहरातून परत येतो. स्टीलची भांडी आणतो, कागदी कप आणतो, भिंतीवर स्कॅनचा कोड चिकटवतो. गिऱ्हाईक वाढतं, पण जुने लोक एकेक करून यायचे थांबतात. शेवटी आण्णा रात्री एकटे बसून ते पातेलं धोतराच्या सोग्यानं पुसतात आणि उद्यापासून दुकानात यायचं नाही असं ठरवतात. माझं मत असं की आण्णांनी मुलाला पहिल्याच दिवशी थांबवायला हवं होतं. चव गेली की टपरी गेली. तुम्हाला काय वाटतं?

कऱ्हाडची_लेक:
ताई, गोष्ट दोनदा वाचली. दोन्ही वेळा एकाच जागी अडले. आण्णा पातेलं एकदाच पुसतात, शेवटच्या ओळीत. चाळीस वर्षं ते रोज कोण मांजत होतं?

आमचा चहाचा गाडा कऱ्हाडला आहे, आजोबांच्या वेळचा. पातेलं रात्री साडेदहाला घरी यायचं. बाहेरून काजळी, कडेला उतू गेलेल्या दुधाचा करपलेला थर. आई चिंचेचा कोळ, मीठ आणि चाळलेली राख घेऊन मोरीत बसायची. आतून मात्र चिंच लावायची नाही, काथ्या लावायचा नाही, नाहीतर कल्हई जाते. आत नुसता मऊ फडका. थंडीत तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या आणि चिंच त्या भेगांत जायची. सव्वीस वर्षं हे चाललं. गाड्यावर येणारा एकही माणूस तिला ओळखत नव्हता, आणि गाड्याची परंपरा म्हणजे ते चकचकीत पातेलं असं सगळे म्हणत होते. तेव्हा परंपरा मोडली म्हणून रडणारे आण्णा मला पटत नाहीत. त्यांच्या बायकोला गोष्टीत एक वाक्यही नाही.

पण मुलाची बाजू घ्यायला मी आलेले नाही. माझ्या भावानं 2019 साली हेच सगळं एका आठवड्यात केलं आणि त्याचं काय झालं ते सांगते.

स्टीलचं पातेलं आलं ते ठीक. मग सकाळच्या घाईवर त्यानं उपाय काढला. रात्रीच आलं मिक्सरला वाटून ठेवायचं आणि सकाळी तापत्या दुधात थेट घालायचं, म्हणजे ठेचत बसायला नको. पहाटे पहिल्या गाड्या सुटायच्या वेळी 8 लिटर दूध फाटलं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं द्रव्य असतं. दूध कोमट ते गरम असताना ते जोरात काम करतं आणि चांगली उकळी आली की मरतं. वडिलांची, म्हणजे दादांची, पद्धत होती आधी पाणी, पाण्यात ठेचलेलं आलं, त्याला खळखळून उकळी, मग साखर आणि पावडर, आणि वेगळं तापवलेलं दूध सगळ्यात शेवटी. कारण त्यांना सांगता येत नव्हतं. भावाला वाटलं म्हातारा हट्टी आहे.

त्या दिवशी दादा एक शब्द बोलले नाहीत. पण मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना बरं वाटलं होतं. घरातलं 8 लिटर दूध गटारात गेलं आणि माझ्या बापाला बरं वाटलं, इतकं घरात तुटलं होतं.

आणि ते कशानं तुटलं, तर पातेल्यानं नाही. स्कॅनच्या कोडानं. पैसे भावाच्या खात्यात जायला लागले. आधी दादा गल्ल्यावर बसायचे. लाकडी खण, त्यात नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. सकाळी दूधवाल्याला रोख मोजून द्यायचे, त्या वेळी त्यांचा खांदा वेगळाच असायचा. एका सकाळी 31 लिटरचे 1860 रुपये द्यायचे होते आणि खणात 340 होते. दूधवाल्यासमोर त्यांना मुलाला म्हणावं लागलं, "पैसे दे रे." दुसऱ्या दिवसापासून ते गाड्यावर आले नाहीत. गावात सगळ्यांनी हेच म्हटलं की म्हाताऱ्याला नवीन पद्धत सोसली नाही.

चार महिन्यांनी मी माहेरी गेले तेव्हा बँकेत जाऊन कोड दादांच्या खात्यावर करून घेतला आणि बोलणारा डबा आणवला. दादांना स्क्रीनवरचं वाचता येत नाही, पण ऐकू येतं. डबा "वीस रुपये" म्हणाला की तेही मोठ्यानं "वीस" म्हणतात. आता रोज बसतात. तुमच्या आण्णांचा कोड कुणाच्या खात्याला जोडला होता, तेवढं गोष्टीत लिहा. मग ते का उठले ते वाचणाऱ्याला कळेल.

शनिवारपेठी:
तुम्ही चहाच्या गोष्टीत बँक आणि बायकोचे हात घातलेत. दोन्ही खरं असेल. पण मूळ मुद्दा चवीचा आहे आणि त्याला तुम्ही बगल दिलीत. मी पुण्यात साठ वर्षं अमृततुल्यात चहा पितोय. सोन्या मारुती चौकात 1924 साली पहिलं अमृततुल्य सुरू झालं, तेव्हापासून पितळेची भांडी, तीच बारीक सीटीसी पावडर, समोर ठेचलेलं आलं-वेलची. स्टील आलं की चहाला कळा येत नाही. ज्याला ही चव कळत नाही त्यानं मशीनचा चहा खुशाल प्यावा. आणि मांजायला माणूस ठेवता येतो, त्यासाठी परंपरा मोडावी लागत नाही.

मिरजकर:
काका, एक दुरुस्ती. सीटीसीचं यंत्र आसामात आलं तेच 1930 च्या आसपास, आणि ती पावडर सगळीकडे पसरायला पुढे कितीतरी वर्षं गेली. 1924 ला तुमच्या चौकात ती असणं शक्य नाही. म्हणजे अमृततुल्यवाल्यांनीही मधे कधीतरी जुनी पावडर टाकून यंत्राची नवी घेतली. त्या वेळीही कुणीतरी म्हटलं असेल चव गेली म्हणून.

शनिवारपेठी:
पावडरीचं राहू द्या, ते मी ऐकीव लिहिलं. पितळेचं बोला.

नवसागर:
पितळेचं मी बोलतो. माझे वडील कल्हई करायचे, मी अकरा वर्षांचा असल्यापासून भाता मारलाय.

शनिवारपेठी काका, तुम्ही म्हणता त्या पातेल्यात चहाला पितळ लागतच नाही. आतून कल्हई असते. चहा कथलाला लागतो. पितळेची चव चहात उतरली, तर कल्हई उडाली आहे आणि ते भांडं त्याच दिवशी खाली काढायला पाहिजे. तुम्हाला साठ वर्षं आवडलेली चव पितळेची नाही.

मात्र तुम्ही पूर्ण चुकीचे आहात असंही नाही. पितळेत आच चहूकडे सारखी पसरते. स्टीलमध्ये ती ज्योतीच्या वरच राहते, म्हणून पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मधोमध गोल डाग धरतो आणि दुधाला करपट वास लागतो. "कळा नाही" म्हणता तो हा वास. पितळ हाच त्यावरचा एक उपाय नाही. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात आच पितळेपेक्षा चांगली पसरते, म्हणून निम्म्या महाराष्ट्रातल्या टपऱ्या जर्मनवर चालतात. स्टीलच घ्यायचं तर जाड बुडाचं घ्यायचं आणि पळी सारखी फिरवायची. पळी थांबली की डाग धरलाच.

दोन_साखर_कमी:
म्हणजे पितळेतला चहा विषारी का? माझ्या सासूबाईंना चहा प्यायल्यावर जळजळ होते. त्या स्टँडवरच पितात. आजपासून बंद करायला सांगू का?

नवसागर:
जळजळ मोकळ्या पोटी कडक चहानं होत असेल, ते डॉक्टरांना विचारा. पितळेचं म्हणाल तर शाबूत कल्हई असली की काही होत नाही. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो कधीच ठेवायचं नाही, ते कळकतं.

शनिवारपेठी:
नवसागर, मी तुमच्या वडिलांचा मान ठेवून सांगतो, जिभेला कळतं ते शास्त्राला कळायला वेळ लागतो. आणि कल्हई एवढी महत्त्वाची तर मग ती करून घ्यावी. त्यात अडचण काय? स्टीलवर जायचं कारणच काय?

नवसागर:
अडचण काय ते सांगतो, आणि जरा रागानं सांगतो, कारण हा प्रश्न आम्हाला नेहमी बसून चहा पिणारे लोक विचारतात.

टपरीचं पातेलं घरच्या पातेल्यासारखं नसतं. आधी मोठ्या भांड्यात वाळू घालून पोरगा आत उभा राहतो आणि कंबर फिरवत पायानं घासतो. तो पोरगा मी होतो. मग भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं वितळलेलं कथील सगळीकडे फिरवायचं. दोन-तीन मिनिटांत हात चालला नाही तर डाग राहतो. तो धूर वडिलांनी आयुष्यभर छातीत घेतला. मी दुसरा धंदा धरला, माझ्या मुलाला भाता कसा दिसतो ते माहीत नाही. आमच्या भागात आता कल्हईवाला वर्षातून एकदा येतो, आणि गाड्यावरच्या पातेल्याची कल्हई तीन-चार महिन्यांत जाते.

का जाते तेही ऐका. कथील 232 अंशांना वितळतं. जोवर भांड्यात पाणी-दूध आहे तोवर तेवढी आच त्याला लागत नाही. पण पूर्वीचा स्टोव्ह मंद होता, आताची गॅसची भट्टी जोरात पेटते आणि ज्योत पातेल्याच्या अंगावरून वर चढते. चहा निम्म्यावर आला की वरचा अर्धा भाग कोरडा तापतो. कल्हई तिथूनच उडायला लागते. आत डोकावून बघा, चहाच्या रेषेच्या वर पिवळा पट्टा दिसला की समजायचं. म्हणजे भट्टी नवीन आणि भांडं जुनं, असं जमत नाही. पितळ ठेवायचं तर आच कमी करावी लागते, आच कमी केली तर सकाळच्या गर्दीला चहा पुरत नाही.

आणि कल्हईवाला मिळाला तरी कथील शुद्ध पाहिजे. महाग आहे म्हणून त्यात शिसं मिसळतात, ते पोटात जातं. वडील कांडी विकत घेताना कानाशी धरून वाकवायचे. चांगलं कथील वाकताना कर्र असं बोलतं. शिसं असलं की मुकं राहतं. आज टपरीवाल्यानं कुणाच्या कानावर भरवसा ठेवायचा? म्हणून तो स्टील घेतो. त्याला परंपरा कळत नाही म्हणून नाही.

मिरजकर:
नवसागरदादा, हे सगळं मला पहिल्यांदा कळलं. वरचा पिवळा पट्टा मी आमच्या चौकातल्या पातेल्यात रोज बघतो. ते जुनेपणाचं लक्षण समजत होतो.

शनिवारपेठी:
भट्टीचा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य. पण म्हणून चहाच बदलला तरी चालेल, असं मी म्हणणार नाही.

उद्योगवाट:
माझा अनुभव वेगळाच आहे. आमची वडिलांची टपरी होती, जेमतेम चालायची. मी नोकरी सोडली आणि एका गुळाच्या चहाच्या साखळीची शाखा घेतली. अनामत रक्कम, रंग, पाटी, गणवेश, सगळं त्यांच्या मर्जीनं. चहाची तयार पूड त्यांच्याकडूनच घ्यायची. पूड दुधात घातली की दोन मिनिटांत चहा. वडील म्हणाले यात आपण काय करतो? मी म्हटलं आपण विकतो. दीड वर्षात समोर तशीच तीन दुकानं झाली. सगळ्यांचा चहा एकाच पिशवीतला, मग गिऱ्हाईकानं माझ्याकडेच का यावं? शेवटी बंद केलं. अनामत परत मिळाली नाही. आता जुन्या जागी परत साधी टपरी लावतोय. मला इथल्या कुणाकडून कळेल का, खरा गूळ घातला की माझं दूध दर दोन दिवसांनी का फाटतं?

कऱ्हाडची_लेक:
दादा, गुळात आंबटपणा असतो, उकळत्या दुधात पडला की फाटणारच. दर दोन दिवसांनी म्हणता म्हणजे ढेप बदलत असेल, कुठला गूळ जास्त आंबट, कुठला कमी. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून ठेवा. चहा पूर्ण झाला, गॅस बंद केला, उकळी बसली की मग घाला आणि पुन्हा आचेवर ठेवू नका. म्हणजे गुळाचा चहा एका वेळी थोडाच करायचा, तापवत ठेवायचा नाही. ज्यांना मोठं पातेलं भरून दिवसभर तापवायचं असतं ते पूड वापरतात ती यासाठीच.

उद्योगवाट:
मी पुन्हा उकळी देत होतो. उद्या बघतो.

शनिवारपेठी:
कऱ्हाडच्या ताई, मांजायला माणूस ठेवता येतो या माझ्या वाक्याला तुम्ही उत्तर दिलं नाही.

कऱ्हाडची_लेक:
देते. दिवसाला आमचे साधारण 600 कटिंग जातात. एक लिटर दुधात अर्धा लिटर पाणी, आटून 19 कटिंग निघतात. दूध 60, पावडर 12, साखर 5, आलं-वेलची 5, गॅस 6, म्हणजे 88 रुपयांत 19. दहा रुपयांच्या कटिंगला साडेचारच्या पुढे माल. उरलेल्या सव्वापाच-साडेपाचात जागेचं भाडं, दोन माणसांचे पगार, फुटतूट, आणि घर.

ग्लास धुवायला आणि पातेलं घासायला एक पोरगा म्हणजे महिना दहा हजार. कागदी कप पडतो 55 पैशाला. 600 कपांचे दिवसाला 330, महिन्याला 9900. म्हणजे पैसा सारखाच जातो. भावानं कागद घेतला तो पैसे वाचावे म्हणून नाही, पोरगा टिकत नाही म्हणून. तीन महिन्यांत चार पोरं गेली. थंड पाण्यात दिवसभर ग्लास विसळायला कुणाला यायचंय? आणि जेव्हा पोरगा नसायचा तेव्हा ग्लास आणि पातेलं दोन्ही कुणाकडे यायचं, ते मी वर लिहिलंय.

पण कागदी कपाचं मी समर्थन करत नाही. आतून प्लॅस्टिकचा थर असतो, गरम चहा पडला की पहिल्या घोटाला त्याचा वास येतो, आणि संध्याकाळी गाड्याच्या मागे जो ढीग साचतो तो बघून दादा मान फिरवतात. दादांनी काय केलं, तर रोजचे जे पन्नास-साठ जण आहेत, वाहक-चालक, हमाल, रिक्षावाले, त्यांचे ग्लास वेगळे ठेवले. ते स्वतः धुतात. बाकीच्यांना कागद. हे कुणी ठरवून केलं नाही, होत गेलं.

शनिवारपेठी:
वडील स्वतः ग्लास धुतात?

कऱ्हाडची_लेक:
हो. आधी कधी धूत नव्हते.

शनिवारपेठी:
हा हिशेब मी कधी केला नव्हता. दहा रुपयांत आम्हाला पितळ, काच, ठेचलेलं आलं सगळं हवं असतं हे खरं आहे. पंधरा द्यायची माझी तयारी आहे. माझ्यासारखे किती निघतील ते सांगू शकत नाही.

मिरजकर:
आमच्या चौकात दहाचे बारा केले तर आठ दिवस लोक समोरच्याकडे गेले. मग त्यानं परत दहा केले आणि कटिंगच लहान केला. त्यावर कुणी बोललं नाही.

सायंतारा:
मी गप्प बसून सगळं वाचत होते. थोडं लागलं, खोटं बोलत नाही. गोष्ट आजोळच्या टपरीवरून लिहिली होती आणि पातेलं कोण मांजायचं ते मला खरंच आठवलं नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "मामी मांजायची, अजून कोण?" इतक्या सहज.

तरी एक सांगते. आण्णांचं दुःख मी काढून टाकणार नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं एकच काम केलं त्याच्यासमोरून त्या कामाच्या वस्तू उचलल्या जातात, ते लागतंच. कष्ट कुणी केले हा प्रश्न त्याच्या शेजारी उभा राहील, त्याच्या जागी नाही. मामीला गोष्टीत आणते, पण तिला आनंद झाला असं लिहायचं का, हे मला अजून कळत नाही. कऱ्हाडच्या ताई, तुमचं पितळेचं पातेलं आता कुठे आहे?

कऱ्हाडची_लेक:
माळ्यावर. भावानं दोनदा मोडीत घालायला काढलं, वजनावर चांगले पैसे येत होते. दोन्ही वेळा आईनं घालू दिलं नाही. दिवाळीच्या आधी ती ते खाली उतरवून घेते, चिंच लावून बाहेरून लख्ख करते आणि परत वर ठेवायला लावते. मी एकदा विचारलं, आता कशाला हात फोडतेस. तिनं उत्तर दिलं नाही, वरचा कागद बदलायला सांगितला.